बिटकॉइन, चार तासांचा चार्ट: रिबनला टेकला की लगेच घ्यायचा का?

कळवा_कारशेड
मंडळी, सल्ला हवाय. बिटकॉइनच्या चार तासांच्या चार्टवर ८, १३, २१, ३४, ५५ अशा पाच ईएमए रेषांचं रिबन लावलंय. ट्रेंड वरचा आहे, भाव रिबनमध्ये उतरला की मी घेतो. गेल्या सहापैकी चार वेळा स्टॉपलॉस उडाला. कालचंच घ्या. ८.५२ ची स्लो पकडली, मुलुंडला मोबाइल उघडला तर कँडल २१ ला टेकून मस्त हिरवी, खाली लांब शेपटी. उभ्या उभ्या घेतला. दादरला उतरून बघतो तर तीच कँडल लाल, ३४ च्याही खाली. कुठे चुकतंय?

बोरीवलीकर७
२१ वर घेतोस हेच चुकतंय. ५५ वर लिमिट ऑर्डर टाकून झोप. अपट्रेंडमध्ये ५५ तुटत नाही, आणि खाली मिळाला की स्टॉपही जवळ बसतो.

सायनची_सई
एवढं कशाला? मी दर महिन्याला दोन हजारांचा घेते आणि विसरून जाते. तुम्हीही एसआयपी लावा की.

कळवा_कारशेड
सईताई, तीही चालू आहे. हा प्रश्न ट्रेडिंगच्या वेगळ्या पैशाचा आहे.

मेणबत्ती
कारशेड, तुझी कँडल बंदच झाली नव्हती. यूटीसीच्या हिशेबाने चार तासांची कँडल आपल्याकडे साडेनऊला बंद होते. मुलुंडला तू पाहिलीस ती अर्धवट होती. शिवाय चालू कँडलच्या भावाला ८ च्या ईएमएत जवळजवळ २२ टक्के वजन असतं, ५५ मध्ये साडेतीन. म्हणजे भाव उसळला की वरच्या रेषाही त्याच्याबरोबर उसळतात आणि रिबन असतं त्यापेक्षा छान दिसतं. मी टेकण्यावर घेतच नाही. भाव रिबनमध्ये उतरू दे, मग एखादी कँडल पुन्हा ८ च्या वर बंद होऊ दे. थोडा महाग मिळतो, चालतं.

दुसरं, रिबनकडे नीट बघ. ३४ आणि ५५ अजून वर चढतायत आणि त्यांच्यात फट आहे, तर ही विश्रांती. त्या आडव्या होऊन एकमेकींत गुंतल्या, तर तिथे ट्रेंड उरलेलाच नसतो. बहुतेक वेळा रिबन उघडल्यानंतरचा पहिला-दुसरा पुलबॅक चांगला. चौथ्या-पाचव्यापर्यंत रेषा जवळ आलेल्या असतात.

बोरीवलीकर, स्टॉप जवळ बसतो हे खरं. पण ५५ ही सरकती रेषा आहे. रात्री टाकलेल्या ऑर्डरला सकाळी ती कुठे असेल हे ठाऊक नसतं, आणि जोरात पडणारा भावही तुला तिथेच भरून जातो.

भायखळा_भाव
५५ तुटत नाही? जानेवारी २०२४ आठवा. १० तारखेला अमेरिकेत स्पॉट ईटीएफला मंजुरी, दुसऱ्या दिवशी भाव ४९ हजार डॉलरपर्यंत, आणि २३ ला साडेअडतीसच्या आसपास. डेलीवरचं अख्खं रिबन फाटलं. मी ‘५५ ला’ घेतलेला, तोही लिव्हरेजवर, साफ झालो. मार्चमध्ये तोच ७३ हजारांवर. ट्रेंड बरोबर होता हो, मीच नव्हतो तिथे.

कळवा_कारशेड
मग स्टॉप कुठे लावायचा?

मेणबत्ती
पुलबॅकच्या तळाखाली आणि ५५ च्या खाली, दोन्हीतला जो खालचा. मग रक्कम त्यावरून ठरव. समजा दोन लाखांचं भांडवल, एका ट्रेडमध्ये एक टक्का, म्हणजे २,००० गमवायची तयारी. ६०,००० डॉलरला घेतोस, स्टॉप ५७,६०० ला, अंतर ४ टक्के. तर ५०,००० रुपयांचाच घ्यायचा. लिव्हरेज लागतच नाही.

पण खरी गोम करात आहे. समजा दहात चार ट्रेड लागतात, लागला की ४,००० मिळतात, चुकला की २,००० जातात. चार वेळा १६,००० आले, सहा वेळा १२,००० गेले, उरले ४,०००. आता कर त्या ४,००० वर नाही, १६,००० वर ३० टक्के, कारण क्रिप्टोतला तोटा वजा करता येत नाही. म्हणजे ४,८०० आणि वर सेस. झाला ना तोटा? म्हणून मी दुप्पट टार्गेटवाले पुलबॅक सोडले. डेलीवरचे मोजकेच घेतो आणि ३४ च्या खाली बंद होईपर्यंत धरून ठेवतो. त्यात ट्रेड लागण्याचं प्रमाण आणखी कमी होतं, हेही सांगून ठेवतो.

बोरीवलीकर७
वर प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस. रिटर्न भरल्यावर वळता होतो, पण तोवर पैसा अडकलेला. म्हणून मी फ्युचर्स करतो.

मेणबत्ती
फ्युचर्सला हेच नियम लागतात का, यावर माझ्या आणि मित्राच्या सीएचं अजून जमलेलं नाही. मी त्या भरवशावर हिशेब मांडणार नाही.

कळवा_कारशेड
डेलीची कँडल म्हणजे पहाटे साडेपाचला बंद. तेवढ्यासाठी उठता का?

मेणबत्ती
नाही रे. साडेसातला चहा घेताना बघतो. तोवर भाव एक-दीड टक्का पळालेला असला तर तो ट्रेड सोडून देतो.