रेअर कार्ड घेऊनही रन का पडते?

"दर वेळी रेअर कार्ड उचलतो तरी दुसऱ्या अ‍ॅक्टमध्ये मरतो, असं का?"

कारण रेअर म्हणजे हमखास ताकद नव्हे. स्ले द स्पायर या कार्ड गेममधलं आयर्नक्लॅड हे पात्र घ्या, टर्नला 5 कार्डं आणि 3 एनर्जी. सुरुवातीचा डेक 10 कार्डांचा, म्हणजे दोन टर्नमध्ये सगळा फिरतो. तोच 20 चा झाला की चार टर्न लागतात. आता डेमन फॉर्म रेअर आहे पण कॉस्ट 3, हातात आलं की तो अख्खा टर्न त्यातच जातो, ब्लॉकला काही उरत नाही, आणि स्ट्रेंग्थ पुढच्या टर्नपासून 2-2 ने वाढते, त्यामुळे लांब बॉस फाइटमध्ये भारी पण छोट्या फाइटमध्ये मार खायला लावतं. उलट पॉमेल स्ट्राइक साधं कॉमन, 1 एनर्जीत 9 डॅमेज आणि वर एक कार्ड ड्रॉ, म्हणजे स्वतःची जागा स्वतःच भरून काढतं, डेक जड होत नाही. मला तर सुरुवातीला हेच जास्त आवडतं.

पण नुसते ड्रॉही भरू नका. टर्न संपताना एनर्जी शून्य आणि हातात चांगली कार्डं पडून, असं वारंवार दिसलं तर ड्रॉ पुरे झाला, आता एनर्जी देणारं रेलिक किंवा 0 कॉस्टची कार्डं बघा.