मदत हवी आहे: त्याच मापांवरून सीपीके 1.00 आणि पीपीके 0.67, कोणता आकडा धरावा?

मापपट्टी:
नमस्कार. एका प्रकल्पात शाफ्टचा व्यास 20.00 ± 0.06 मिमी हवा आहे आणि सीपीके किमान 1.33 असावा अशी ग्राहकाची अट आहे. एका शिफ्टमध्ये ठरावीक अंतराने, दर वेळी सलग 5 नग, असे 25 सबग्रुप मोजले. सरासरी 20.024 आली आणि सबग्रुपमधल्या रेंजची सरासरी 0.0279. तिला 2.326 ने भागून सिग्मा 0.012 मिळाला, म्हणून सीपी 1.67 आला आणि सीपीके असा:

```
Cpk = (20.060 - 20.024) / (3 × 0.012) = 1.00
```

मात्र सर्व 125 मापांचे प्रमाण विचलन एकत्र काढले, तर ते 0.018 येते आणि त्यावरून पीपीके 0.67 मिळतो. मापे तीच असताना एवढा फरक का पडतो, आणि अहवालात काय लिहावे?

सरळरेषा:
आपला सीपी 1.67 आहे, म्हणजे मशीनची क्षमता उत्तम आहे. फक्त सरासरी वर सरकली आहे. ऑफसेट 0.024 ने कमी करा, सीपीकेही 1.67 होईल. पीपीकेकडे लक्ष देण्याची गरज नाही.

मध्यमा:
सरासरी सरकली आहे हे सरळरेषा यांचे निदान बरोबर आहे, पण तेवढ्याने काम भागणार नाही. सबग्रुपमधले 5 नग लागोपाठचे असल्यामुळे 0.012 मध्ये फक्त त्या काही मिनिटांतला फरक दिसतो; शिफ्टभर सरासरी हळूहळू सरकत गेली असेल तर त्याचा मागमूसही त्यात उरत नाही. 0.018 मध्ये तो फरक धरला जातो. दोन सिग्मांमध्ये एवढी तफावत आहे याचाच अर्थ प्रक्रिया स्थिर नाही. क्षमतेचा आकडा काढण्याआधी कंट्रोल चार्ट पाहायला हवा होता. तुमच्या रेंजवरून सरासरीच्या चार्टच्या मर्यादा सुमारे 20.008 आणि 20.040 येतात. पहिल्या आणि शेवटच्या सबग्रुपची सरासरी किती आहे, आणि 20.06 च्या वर किती नग गेले, ते कृपया सांगा.

उत्तरध्रुव:
माझ्याकडे एकूण 30 नगांवरून सीपीके 1.33 आला आहे. तो ग्राहकाला पाठवण्यास हरकत नाही ना?

मध्यमा:
उत्तरध्रुव, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण थोडक्यात सांगतो. 30 मापांवर 1.33 आला, तर खरी क्षमता साधारण 1.0 ते 1.7 यांच्या दरम्यान कुठेही असू शकते, आणि तेही प्रक्रिया स्थिर असेल तरच. अट जेमतेम पूर्ण होत असताना एवढ्या कमी मापांवर विसंबू नये.

मापपट्टी:
पहिल्या सबग्रुपची सरासरी 20.001 आहे आणि शेवटच्याची 20.047, मधले जवळजवळ सरळ चढत गेले आहेत. वरच्या मर्यादेबाहेर 3 नग गेले आणि ते तिन्ही शेवटच्या सबग्रुपांतले आहेत. पूर्ण शिफ्टभर टूल बदलले नव्हते.

मध्यमा:
मग टूलच्या झिजेवर संशय घ्यायला पुरेसा आधार आहे. सीपीके 1.00 खरा मानला तर 125 नगांत एखादा नग बाहेर जाणेही दुर्मीळ ठरते, कारण ते प्रमाण हजारी एक-दीड एवढेच असते. तुमचे तीन गेले, आणि ते 0.67 शी जुळते. आता नुसता 0.024 चा ऑफसेट दिला, तरी शिफ्टभराचा चढ तसाच राहील आणि पीपीके सुमारे 1.11 वर अडकेल. अट पुरी होणार नाही. याउलट दर पाच सबग्रुपनंतर झिजेची भरपाई दिली, तर चढ साधारण 0.01 च्या आत राहील आणि पीपीके 1.6 च्या आसपास जाऊ शकेल. 1.67 ही झिजेवर नियंत्रण आल्यावर मिळू शकणारी कमाल मर्यादा आहे, आजची स्थिती नव्हे. भरपाई दिल्यावर नव्याने मापे घ्या. टूल बदलल्यानंतरचे पहिले नगही त्यात असू द्या, कारण नव्या टूलचा पहिला नग अनेकदा वेगळाच निघतो.

सरळरेषा:
ऑफसेटपुरते माझे उत्तर अपुरे होते, हे मान्य आहे. पण सिग्मा पातळी लिहिताना 1.5 चा शिफ्ट धरतात ना? मग ही प्रक्रिया किती सिग्मांची म्हणायची?

मध्यमा:
सहा सिग्माला दहा लाखांत 3.4 दोष हा आकडा तो 1.5 सिग्माचा सरकाव गृहीत धरूनच येतो. इथे सरकाव प्रत्यक्ष मोजलेला आहे, त्यामुळे त्यावर आणखी 1.5 चढवणे मला पटत नाही. मी 0.67 ला तीनने गुणून दोन सिग्मा म्हणेन. काही जण दीर्घकालीन आकड्यात 1.5 मिळवून साडेतीन लिहितात. ग्राहक कोणती पद्धत वापरतो हे आधी लेखी विचारून घ्या.

मापपट्टी:
धन्यवाद. अहवालात दोन्ही आकडे आणि सोबत चार्ट देतो. मात्र ग्राहकाची अट सीपीकेची आहे आणि तो कोणता सिग्मा धरून काढायचा याचा करारात उल्लेख नाही. तसे विचारणारे पत्र आज पाठवत आहे. भरपाई दिल्यानंतरची मापे आली की इथेच मांडतो.