व्हीपीएन लावलं की खातं लॉक होतं
«व्हीपीएन चालू करून मेल उघडला की अलर्ट येतो, आज तर खातंच लॉक झालं. पासवर्ड बदलू का?»

आधी अलर्टमधली वेळ आणि देश बघा. दोन्ही तुमच्या व्हीपीएनशी जुळत असतील तर ते लॉगिन तुमचंच. जुळत नसतील तर पासवर्ड लगेच बदला, पण अलर्टमधल्या लिंकवरून नको, थेट अ‍ॅपमधून.

ऐरोलीत माझंही हेच झालं होतं. 9:10 ला घरच्या वायफायवर मेल पाहिला, 9:25 ला व्हीपीएनने आपोआप फ्रँकफर्ट निवडलं. पंधरा मिनिटांत ऐरोलीहून जर्मनीला कोण पोचतं? सिस्टिमला संशय येणारच. शिवाय व्हीपीएनचा तो आयपी पत्ता एकाच वेळी अनेकजण वापरतात. दुसऱ्या कोणी तिथून उद्योग केले असतील तर आपणही संशयात.

अँड्रॉइडवर व्हीपीएन अ‍ॅपमध्ये Split tunneling, म्हणजे काही अ‍ॅप्स व्हीपीएनबाहेर ठेवायची सोय असेल तर मेल आणि बँक व्हीपीएनमधून वगळा. ती अ‍ॅप्स तुमचा डेटा तसाही एन्क्रिप्ट करूनच पाठवतात. आयफोनवर ही सोय सहसा मिळत नाही, तिथे ‘सगळ्यात वेगवान सर्व्हर’ बंद करून एकच ठिकाण कायम ठेवा.

आत्ता व्हीपीएन बंद करा आणि नेहमीच्या फोनवरून, घरच्याच नेटवर खातं परत मिळवा. पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकत बसू नका, त्याने लॉक लांबू शकतो.