मदत हवी आहे: बारीकसारीक मेलमध्येही मॅनेजरना सीसी करणाऱ्या सहकाऱ्याला काय उत्तर द्यावं?

बेलापूर_डॉक्स

नमस्कार. मी सीबीडी बेलापूरला एका फ्रेट फॉरवर्डिंग ऑफिसात एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. ऑपरेशन्सचे एक सहकारी आहेत, वयाने आणि अनुभवाने मोठे. अर्धा दिवस ते उरणच्या बाजूला सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या गोदामात असतात, त्यामुळे आमचं बहुतेक बोलणं मेलवर होतं. माझ्याकडची लहानात लहान गोष्ट राहिली तरी ते मेल टाकतात आणि सीसीमध्ये आमचे मॅनेजर. फाइलला नाव नीट दिलं नाही, सीसी. ड्राफ्ट बीएल, म्हणजे लाइनच्या माल-पावतीचा मसुदा, पाठवायला दुपार झाली, सीसी. इतरांना ते फोन करतात, मला मात्र मेल.

कालचं उदाहरण देते. सकाळी ११:१० ला मेल आला: ‘एसआय अजूनही गेलेली नाही. कृपया गांभीर्याने घ्यावे.’ एसआय म्हणजे बीएलसाठी शिपिंग लाइनला द्यायची माहिती, तिचा कटऑफ आज संध्याकाळी ६ चा होता, म्हणजे हातात दीड दिवस होता. मी थांबले होते कारण पॅकिंग लिस्टमध्ये ग्रॉस वजन ११,८४० किलो आणि शिपिंग बिलात ११,४८०. एक्स्पोर्टरला १०:२० लाच विचारलं होतं. चुकीचं वजन गेलं असतं तर पुढे बीएल दुरुस्त करायचे पैसे लाइनने लावले असते.

मला त्यांच्याशी भांडायचं नाही, रोज एकत्र काम करायचं आहे. पण मी निष्काळजी आहे असं मॅनेजरना वाटू लागेल ही भीती खरी आहे. अशा मेलला नम्रपणे काय उत्तर द्यावं?

सानपाडा_फास्ट

सोपं आहे. उत्तर देताना सीसीतून मॅनेजरना काढा आणि फक्त त्यांनाच लिहा. मॅनेजरच्या इनबॉक्समधला गोंधळही कमी होईल. दोन-चार वेळा असं केलंत की त्यांना कळेल.

घोडबंदरकर

आमच्याकडे वागळे इस्टेटला अगदी हेच झालं होतं. मी सहकाऱ्यावर वर्षभर मनातल्या मनात चिडून होतो. नंतर कळलं की मॅनेजरनीच त्याला ‘मला सगळ्यात ठेव’ असं सांगून ठेवलं होतं, कारण आधीचा माणूस काहीही न सांगता सोडून गेला होता. तुमच्याकडे तसं नाही ना, ते आधी बघा. आमच्या बाबतीत त्यानंतरही सीसी थांबलं नाही, पण माझा राग त्या माणसावरून उठला.

ठाणे_पूर्व_७८

एचआरकडे लेखी तक्रार करा. पुरावे साठवा, सगळ्या मेलचे स्क्रीनशॉट काढा. अशा लोकांना सोडू नये. नोटीस पिरियड किती आहे तुमचा?

बेलापूर_डॉक्स

@ठाणे_पूर्व_७८ तक्रार करायची नाहीये, नोकरीही सोडायची नाही. फक्त उत्तर कसं लिहावं हे विचारते आहे.

जुना_कटऑफवाला

मी न्हावा शेवाच्या कामात ऑपरेशन्सलाच बरीच वर्षं होतो, म्हणून आधी त्यांच्या बाजूने सांगतो. कंटेनर कटऑफला पोचला नाही, बंदरात कंटेनर आत न्यायचा फॉर्म १३ अडकला, तर पार्टी पहिला फोन ऑपरेशन्सला करते. तेव्हा ‘मी वेळेत विचारलं होतं’ हे दाखवायला मेलच लागतो. काही माणसांना याची सवय लागते आणि मग फाइलच्या नावासाठीही तोच मेल जातो. म्हणजे प्रत्येक सीसी तुमच्यावर नेम धरून असतोच असं नाही. पण ‘इतरांना फोन, मला मेल’ हे तुम्ही लिहिलंय ते मात्र लक्षात ठेवा, ते नुसत्या सवयीत बसत नाही.

सानपाडा_फास्ट यांचं अर्धं बरोबर आहे. पुढचा नवीन मेल तुम्ही सुरू कराल तेव्हा मॅनेजरना घालू नका, हे योग्यच. पण चालू मेलमधून त्यांना मध्येच काढू नका. मॅनेजरना आरोप दिसतो आणि उत्तर दिसत नाही. वर सहकारी ‘सरांना पुन्हा जोडत आहे’ असं लिहून तुम्ही लपवालपवी करताय असं दाखवू शकतो.

म्हणून उत्तर सगळ्यांना, आणि त्यात तीनच गोष्टी: काम कुठे आहे, कोणाकडे थांबलंय, कधी होणार. कालच्या मेलला मी असं लिहिलं असतं:

‘सर, एसआय तयार आहे. पॅकिंग लिस्टमध्ये वजन ११,८४० आणि शिपिंग बिलात ११,४८० किलो आहे. एक्स्पोर्टरला १०:२० ला विचारलं आहे. उत्तर आलं की लगेच फाइल करते. ४ पर्यंत आलं नाही तर तुम्हाला फोन करते. कटऑफ उद्या ६.’

यात ‘आधीच कळवलं होतं’ नाही, ‘गांभीर्याने’ या शब्दाला उत्तर नाही, सीसीचा उल्लेखही नाही. मॅनेजर हे दहा सेकंदांत वाचतात आणि त्यांना कळतं की काम हातात आहे. तुमच्याकडून खरंच काही राहिलं असेल तर आणखी लहान लिहा: ‘बरोबर, सील नंबर बदलून ड्राफ्ट पुन्हा पाठवला आहे.’ कारणं दिलीत की मेल लांबतो आणि चूक होती त्यापेक्षा मोठी दिसते.

सीसीबद्दल बोलायचं ते समोरासमोर, ते ऑफिसात असतील तेव्हा. ‘सर, माझ्याकडचं काही तुम्हाला उशिरा कळतं का? आधी मला फोन कराल का? अर्ध्या तासात उत्तर मिळालं नाही तर सरांना नक्की घाला.’ त्यांचा हक्क काढून घ्यायचा नाही, फक्त आधी एक पायरी घालायची.

आणि रोज सकाळी साडेदहाच्या आत त्यांना एकट्यांना एक यादी पाठवा: कोणतं बुकिंग, कटऑफ कधी, कागद कुठे अडकलाय. माहिती मिळत नाही म्हणून ते सीसी करत असतील तर आठवड्या-दोन आठवड्यांत ते कमी होईल. यादी मिळूनही फाइलच्या नावावर सीसी येतच राहिलं, तर प्रश्न माहितीचा नव्हता.

सानपाडा_फास्ट

मध्येच काढलं तर ते पुन्हा जोडतील हे लक्षात आलं नव्हतं. मग मॅनेजरना बीसीसीमध्ये टाकलं तर?

जुना_कटऑफवाला

तेही नको. मॅनेजरनी चुकून रिप्लाय ऑल केलं तर सगळ्यांना कळतं की ते लपून वाचत होते, आणि मग तुमचा स्वच्छ मेलही चुगलीसारखा दिसतो.

बेलापूर_डॉक्स

दादा, मनापासून आभार. तुम्ही सांगितलं तसं केलं. सकाळची यादी सुरू केली आणि ते ऑफिसात आले तेव्हा चहाच्या वेळी मी त्यांच्याशी बोलले. ते म्हणाले, ‘कटऑफचं असेल तर मी सीसी करणारच, बाकीचं बघू.’ सूर चांगला होता. एसआय आणि व्हीजीएमसाठी, म्हणजे भरलेल्या कंटेनरच्या वजनासाठी, आता आधी फोन येतो, हा फार मोठा फरक आहे. पण ड्राफ्टमधल्या स्पेलिंगसाठी परवा पुन्हा सीसी आलाच.

घोडबंदरकरांचं मनात होतं म्हणून मॅनेजरनाही विचारलं, तक्रार न करता: ‘सर, तुम्हाला कोणत्या गोष्टींत ठेवायचं?’ ते म्हणाले, ‘कटऑफ, पैसे आणि पार्टीची तक्रार.’ स्पेलिंग यात बसत नाही. मग हे मी सहकाऱ्यांना सांगू का, की मॅनेजरनीच सांगावं?

घोडबंदरकर

मॅनेजरनीच. तुम्ही सांगितलंत तर तुम्ही वरून हुकूम आणलात असं त्यांना वाटेल.

जुना_कटऑफवाला

मला तसं वाटत नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरनी सगळ्यांना मिळून सांगितलं तर उत्तम. पण त्यांना खास त्या एका माणसाला सांगायला लावू नका, ते त्यांच्या मनात राहील. मीटिंगमध्ये विषय निघाला नाही तर तुम्ही स्वतःच सांगा, फोनवर, मेलवर नाही.