मदत हवी आहे: नाशिकरोडला मध्यरात्रीनंतर येणारी गाडी, तिकिटाची तारीख नेमकी कोणती?

इंदिरानगर_मंडळ
आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सहलीचं पत्रक करतोय. २२ माणसं आहेत, बहुतेक सत्तरीच्या पुढची. दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. पहिली मुंबईहून २२:१५ ला सुटते, नाशिकरोड ०१:२०. वेळापत्रकात नाशिकरोडपुढे 'दिवस २' लिहिलंय आणि धावण्याचे वार मंगळ, शनि. दुसरी रोज धावते, नाशिकरोड ००:३५. आम्हाला शनिवारी १४ तारखेला रात्री निघायचं आहे. तिकीट १४ चं काढायचं की १५ चं? शिवाय पत्रकात वेळ १२ तासांत लिहायची आहे, ००:३५ कसं लिहू? स्टेशनवर न्यायला सांगितलेल्या खासगी बसच्या तक्त्यात तर एका फेरीपुढे २५:४० छापलंय. ती चूक आहे का?

गोदाकाठचा_प्रवासी
सोपं आहे. १२ पेक्षा मोठा आकडा असेल तर १२ वजा करा. २२:१५ म्हणजे रात्रीचे सव्वादहा. आणि तिकिटावर गाडी मुंबईहून ज्या तारखेला सुटते तीच तारीख असते, म्हणून १४ चंच काढा.

रेल्वेरसिक_देवळाली
वजाबाकी १३ ते २३ या तासांना बरोबर आहे. अडचण १२ आणि ०० ला येते. १२:३५ म्हणजे दुपारचे बारा पस्तीस, तिथे काहीच वजा करायचं नाही. ००:३५ मध्ये उलट १२ मिळवायचे, म्हणजे रात्रीचे बारा पस्तीस. इंग्रजी पद्धतीने ते '१२:३५ एएम' होतं, आणि अनेक जण एएम म्हणजे सकाळ धरून इथेच फसतात. पत्रकात एएम-पीएम नकोच. 'रात्री १२:३५' लिहा आणि पुढे वार, तारीख लिहा.

तारखेचं मात्र वर दिलेलं उत्तर चुकीचं आहे. आरक्षण करताना तुम्ही ज्या स्टेशनवर चढता तिथली तारीख निवडायची असते. मुंबईहून शनिवारी १४ ला २२:१५ वाजता सुटलेली गाडी नाशिकरोडला ०१:२० ला येते तेव्हा रविवार १५ लागलेला असतो. म्हणून तिकीट १५ चं. 'मंगळ, शनि' हे वार मुंबईचे आहेत. नाशिकरोडला तीच गाडी बुधवारी आणि रविवारी येते.

खरा धोका तुमच्या दुसऱ्या गाडीत आहे. पहिल्या गाडीसाठी चुकून १४ टाकलंत तर शनिवारी नाशिकरोडला ती गाडीच नाही, त्यामुळे शोधात दिसणार नाही आणि चूक लगेच कळेल. रोजची गाडी १४ तारखेलाही दाखवेल आणि तिकीटही देईल. ते तिकीट शनिवार १४ च्या ००:३५ चं, म्हणजे शुक्रवारी रात्री जेवून निघणाऱ्यांचं. शनिवारी रात्री स्टेशनवर पोचलात तर गाडी जाऊन २४ तास होत आले असतील.

पंचवटी_काकू
आमच्याकडे शनिवारची रात्र म्हणजे रविवारचा सूर्य उगवेपर्यंत! पंचांगातही वार सूर्योदयापासूनच धरतात. त्यामुळे घरच्यांना 'रविवारी ००:३५' सांगितलं की ते रविवारी रात्री बॅग भरतात. एकादशी संपायची वेळही काही पंचांगांत अशीच २४ च्या पुढे छापलेली असते, ती कशी वाचायची?

रेल्वेरसिक_देवळाली
काकू, गोंधळाचं मूळ तुम्ही बरोबर पकडलंत. घरचा वार सूर्योदयाला बदलतो, रेल्वेचा मध्यरात्री. २४ च्या पुढचा आकडा तुमच्या हिशोबाला जवळचा आहे: दिवस बदललाच नाही असं धरून तास पुढे मोजत जायचे. पंचांगातली २६:१० म्हणजे त्या रात्रीचे, घड्याळात २:१०. बसच्या २५:४० चंही तसंच. ती चूक नाही. २४ वजा करा, रात्रीचे १:४०, आणि तारीख तक्त्याच्या शीर्षकातल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशीची. ती फेरी आदल्या संध्याकाळच्या पाळीतली असल्यामुळे तक्त्यात त्याच दिवसाखाली राहते.

प्रवासाचा वेळ काढायलाही ही रीत कामाची आहे. 'दिवस' आकड्यातून १ वजा करा, २४ ने गुणा आणि तासांत मिळवा. नाशिकरोड दिवस २, ०१:२० म्हणजे २५:२०. उतरायचं स्टेशन दिवस ३, ०४:१० असेल तर ५२:१०. वजाबाकी २६ तास ५० मिनिटं. नुसतं ०४:१० मधून ०१:२० वजा केलं तर २ तास ५० मिनिटं येतात आणि एक अख्खा दिवस गळतो.

सातपूर_तिसरीपाळी
आमच्याकडे हजेरीच्या एक्सेल शीटमध्ये तिसरी पाळी २२:०० ते ०६:०० टाकली की उत्तराच्या जागी ##### येतं. याचाही उपाय सांगा.

रेल्वेरसिक_देवळाली
वजाबाकी ऋण येते म्हणून. A2 मध्ये आत येण्याची, B2 मध्ये जाण्याची वेळ असेल तर:

```
=MOD(B2-A2,1)
```

उत्तर ८:०० येईल. आठवड्याची बेरीज करताना सेलचा फॉरमॅट `[h]:mm` ठेवा. साधा `hh:mm` ठेवलात तर २४ तास झाले की आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. बसचं २५:४० अशा सेलमध्ये टाकलं तर ०१:४० दिसेल आणि दुसरा दिवस असल्याची खूण पुसली जाईल.

इंदिरानगर_मंडळ
१५ पक्कं. मग तत्काळ काढायची वेळ आली तर १४ ला सकाळी, बरोबर?

रेल्वेरसिक_देवळाली
नाही, १३ ला. तत्काळ एक दिवस आधी उघडतं, पण तो दिवस गाडी मूळ स्टेशनवरून सुटण्याच्या तारखेपासून मोजतात. तुमची गाडी मुंबईहून १४ ला सुटते. म्हणून १३ ला वातानुकूलितसाठी सकाळी १० ला, बाकीच्यांसाठी ११ ला. नाशिकरोडची तारीख धरून १४ ला बसलात तर एक दिवस हुकलेला असेल.

गाडी कुठे आहे ते ॲपवर पाहतानाही, 'सुटण्याची तारीख' विचारली तर १४ निवडा. स्टेशनपुढे 'दिवस ३' असता तर तिकिटाच्या तारखेतून दोन दिवस वजा करावे लागले असते.

गोदाकाठचा_प्रवासी
म्हणजे मूळ तारीख लागते, पण तिकिटाला नाही. माझं तिथे चुकलं. एक शंका: २३:५० ची गाडी उशिराने ००:४० ला आली तर?

रेल्वेरसिक_देवळाली
तिकीट वेळापत्रकातल्या वेळेप्रमाणेच चालतं. आदल्या तारखेचं तिकीट त्या गाडीला वैधच.

पंचवटी_काकू
पत्रकात असं लिहा: 'शनिवारी १४ ला रात्री जेवून ११:१५ ला निघायचे. गाडी रात्री १:२०, तेव्हा रविवार १५ लागलेला असेल.' निघण्याचा वार आधी वाचला की कोणी चुकत नाही.

सातपूर_तिसरीपाळी
मी तर सरळ 'शनिवार २५:२०' लिहीन. एकच वार, भानगड नाही.

रेल्वेरसिक_देवळाली
हजेरीच्या शीटला चालेल. पत्रकात नको, तिकिटावर रविवार १५ छापलेलं असणार आणि हातातले दोन कागद जुळले नाहीत की फोन सुरू होतात.

पंचवटी_काकू
पण सूर्योदयाचा वार मानणाऱ्याला तेच पटेल हो!

इंदिरानगर_मंडळ
काकूंचं वाक्य घेतो. परतीची गाडी नाशिकरोडला बरोबर ००:०० ला आहे, तिथे 'रात्री १२' लिहिलं तर कुठल्या तारखेची रात्र धरतील?

रेल्वेरसिक_देवळाली
००:०० म्हणजे सुरू होणाऱ्या तारखेचा पहिला क्षण, हे नक्की. पण कागदावर 'रात्री १२' एकटं सोडू नका. 'सोमवार संपून मंगळवार लागताना' असं दोन्ही वार घालून लिहा.