निपी, चिली, बायटिंग, फ्रिजिड : थंडीचा चढता क्रम कसा लावायचा?

गिरगावची आई: मुलगी सहावीत आहे. इंग्रजीच्या सरावात चार शब्द कमी थंडीपासून जास्त थंडीपर्यंत लावायचे होते. तिने लिहिलं: निपी, चिली, बायटिंग, फ्रिजिड. उत्तरात चिली आधी आणि निपी नंतर आहे. नक्की बरोबर काय?

ओंकार, ठाणे: शेवटचा सोपा आहे. फ्रिजिड आणि फ्रिज एकाच घरातले शब्द. फ्रिजमध्ये साधारण चार अंश असतात, म्हणजे फ्रिजिड तेवढंच. बायटिंग त्याच्याही वर जायला हवं, कारण ते चावतं!

दादरकर: ओंकार, नातं बरोबर सांगितलंस, दोन्हींच्या मुळाशी लॅटिनमधला थंडीचा शब्द आहे. पण त्यावरून अंश काढता येत नाहीत. चार अंशांच्या हवेला इंग्रजी माणूस नुसतं कोल्ड म्हणेल. फ्रिजिड बहुतेक वेळा पाणी गोठेल अशा हवेला लावतात. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. मुंबईला ती कडाक्याची थंडी, पण तिलाही फ्रिजिड म्हणणं जास्तच होईल.

ताई, माझी एक कसोटी सांगतो. शब्दाच्या आधी ‘अ बिट’ लावून बघा. ‘अ बिट चिली’, ‘अ बिट निपी’ सहज चालतं. ‘अ बिट फ्रिजिड’ हवामानाबद्दल कानाला खटकतं, जसं आपण ‘जराशी कडाक्याची थंडी’ म्हणत नाही. म्हणजे दोन शब्द खालचे आणि फ्रिजिड टोकाचा, एवढं पक्कं.

मीना, बोरिवली: आमच्याकडे नॅशनल पार्कच्या बाजूला पहाटे चांगलाच गारठा असतो. परवा सासूबाईंना हुडहुडी भरली, मग तापही आला. डॉक्टरांनी कागदावर चिल्स लिहिलं होतं. म्हणजे ही चिली सगळ्यात जोरदार ना?

दादरकर: मीनाताई, आधी त्यांना बरं वाटू दे. ते चिल्स म्हणजे तापाआधीची हुडहुडी. ती अंगातून येते, बाहेर उकडत असलं तरी भरते. आपण दोन्हीकडे ‘थंडी वाजते’ म्हणतो म्हणून गोंधळ होतो. हवेला लावलेलं चिली सौम्यच, शाल घ्यावीशी वाटण्याइतकं.

गिरगावची आई: मग बायटिंग कुठे बसवू?

दादरकर: खरी अडचण तिथेच आहे. बायटिंग हा शब्द पाऱ्यापेक्षा कातडीचं जास्त सांगतो. तो बहुतेक वाऱ्याला लागतो, आपल्या बोचऱ्या किंवा झोंबऱ्या वाऱ्यासारखा. अंगाभोवती ऊब आलेल्या हवेचा पातळ थर असतो, वारा तो सतत उडवून नेतो. शून्य अंशाला ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर कॅनडात वापरतात त्या सूत्राने उघड्या चेहऱ्याला सुमारे उणे साडेसहा अंशांसारखं वाटतं. पारा तोच, पण वारा नसलेला दिवस नुसता थंड आणि वारा असलेला बायटिंग. उलट, वारा अजिबात नसलेली उणे वीसची रात्र फ्रिजिड असते, पण वाऱ्यात बोचेल तेवढी बोचत नाही. एका ओळीत लावायचेच तर फ्रिजिड शेवटी ठेवा, पण ही दोन मापं वेगळी आहेत हे मुलीला सांगा.

ओंकार, ठाणे: पटलं. पण निपीसुद्धा चिमटा काढण्यावरून आलाय ना? मग तो बायटिंगचा धाकटा भाऊ. म्हणून निपी चिलीच्या वर.

दादरकर: चिमट्याचं बरोबर आहे. काहींच्या कानाला म्हणूनच निपी जास्त टोचरा वाटतो. पण तो घरगुती, हलक्या सुरातला शब्द आहे. त्या सुरामुळे इतरांना तो चिलीपेक्षा सौम्य वाटतो. मी मुलीच्या बाजूने आहे, पण उत्तर चूक म्हणणार नाही. या जोडीवर गुण कापू नयेत.

मीना, बोरिवली: आणि आपली गुलाबी थंडी? ती कुठली?

दादरकर: या चौघांपैकी एकही नाही. चौघांतही थोडा त्रास आहे, गुलाबी थंडी हवीहवीशी असते. क्रिस्प थोडाफार जवळ जातो, पण त्यात कोरडेपणा आहे, आणि आपल्या दमट हवेला तो कितपत शोभेल याची मला शंका आहे.

ताई, एक गोष्ट मुलीला जरूर सांगा. स्वतःला थंडी वाजते तेव्हा ‘आय ॲम कोल्ड’ किंवा ‘आय फील चिली’ म्हणावं. ‘आय ॲम निपी’ होत नाही, आणि फ्रिजिड तर माणसाला कधीच लावू नये. बाईमाणसाबद्दल तो शब्द अपमानाचा होतो.

गिरगावची आई: हे वर्गात कुणी सांगितलं नसतं. बायटिंग आणि वाऱ्याचं मी उद्या तिच्या बाईंना विचारते. निपी-चिलीबद्दल आणखी कुणाचं वेगळं मत असेल तर लिहा.

ओंकार, ठाणे: माझं अजूनही तेच आहे, चिली आधी.