सल्ला हवा: दोन दुकानं आणि एक छोटी वेबसाइट, गिफ्ट व्हाउचरचा कोड कसा काढायचा आणि कसा वटवायचा?

साडीवाली_नौपाडा
नमस्कार मंडळी. आमचं साड्यांचं दुकान नौपाड्यात आहे, दुसरं घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ. यंदापासून वेबसाइटवरही थोडी विक्री सुरू केली आहे. गेल्या दिवाळीत पहिल्यांदाच गिफ्ट व्हाउचर काढली. प्रेसमधून १५० छापून घेतली, KP-001 ते KP-150. कोणतं विकलं, कोणतं वापरलं हे नौपाड्याच्या वहीत लिहायचो आणि पानाचा फोटो रोज रात्री दुसऱ्या दुकानाला पाठवायचो.

भाऊबीजेच्या दिवशी KP-087, दोन हजारांचं, सकाळी साडेअकराला नौपाड्यात वापरलं गेलं. दुपारी दीडला तेच मानपाड्याला आलं, मोबाइलवरच्या फोटोत. दोन्ही बायका खऱ्या होत्या. भावाने बहिणीला फोटो पाठवला होता आणि मूळ कागद तिची मुलगी घेऊन आमच्याकडे आली होती. सणाच्या दिवशी तिला परत कसं पाठवणार? दोन्ही मान्य केली, दोन हजार आमच्या अंगावर आले. त्याच आठवड्यात एक माणूस KP-140 ची रंगीत झेरॉक्स घेऊन आला. ते व्हाउचर तर आम्ही विकलंच नव्हतं, गठ्ठ्यात पडून होतं.

यंदा कोड पद्धतीने करायचं आहे. साधारण ३०० व्हाउचर. आमच्या नणंदेचं वाशीला मिठाईचं दुकान आहे, तिथेही चालली तर छानच. कोणती पद्धत घ्यावी?

वाशी_सेक्टर१७
ताई, गूगल शीट करा. दोन्ही दुकानांत उघडी ठेवा, कोड शोधायचा, समोर ‘वापरला’ लिहायचं. फुकटात होतं. आमच्या क्लासच्या फी-पावत्या तीन वर्षं अशाच चालल्यात.

राममारुती_रोड
मी हिशेबाची कामं करतो. आधी कायद्याचं बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे गिफ्ट कार्ड दहा हजारांच्या वर काढता येत नाही, मुदत किमान एक वर्ष द्यावी लागते, आणि मुळात परवानगी लागते. परवानगीशिवाय कोड काढू नका.

दुसरं, गेल्या वर्षी बिलात व्हाउचर कसं लावलं होतं? ‘डिस्काउंट’ म्हणून लावलं असेल तर चूक आहे. ग्राहकाने पैसे देऊन घेतलेलं व्हाउचर ही सूट नाही, तो पैसे भरण्याचा प्रकार आहे, रोख किंवा यूपीआयसारखा. साडी अठराशेची असेल तर बिल आणि जीएसटी पूर्ण अठराशेवर. व्हाउचर विकताना आलेले पैसेही त्या दिवशी विक्रीत धरायचे नाहीत. ते ग्राहकाचं तुमच्याकडे असलेलं देणं आहे.

साडीवाली_नौपाडा
अगंबाई, डिस्काउंट म्हणूनच लावलं होतं. बिलिंगच्या मुलीला तेवढाच रकाना माहीत होता. सीएंशी उद्याच बोलते.

कोपरीची_आई
माझाही तोच त्रास आहे हो. मुलाने वाढदिवसाला एका मोठ्या ब्रँडचं हजाराचं व्हाउचर ईमेलवर पाठवलं. सोळा आकडी नंबर आणि सहा आकडी पिन. ऑनलाइन खरेदी करताना कोड टाकला की ‘अवैध कूपन’ येतं. चार वेळा टाकला. पैसे बुडाले का?

घणसोलीकर
काकू, बुडाले नसावेत. तुम्ही ‘कूपन’ किंवा ‘प्रोमो कोड’च्या चौकटीत टाकताय. ती चौकट सवलतीची, तिला शिल्लक नावाची गोष्ट कळतच नाही. पुढे जा, जिथे कार्ड की यूपीआय असं विचारतात त्या पानावर ‘गिफ्ट कार्ड’ असा वेगळा पर्याय असतो, तिथे नंबर आणि पिन दोन्ही मागतील. पिन न मागणारी चौकट दिसली की समजा, चुकीच्या जागी आहोत. आणि आता जरा थांबून टाका, काही ठिकाणी सलग चुका झाल्या की कार्ड काही तास अडकतं.

साडीवाली ताई, मी महापेला नऊ वर्षं याच कामात होतो, व्हाउचर वटवण्याच्या बाजूला. तुमचं सविस्तर लिहितो.

राममारुती दादांचा हिशेबाचा मुद्दा अगदी बरोबर. पण दहा हजार, एक वर्ष, परवानगी हे नियम अनेक व्यापाऱ्यांकडे चालणाऱ्या कार्डांना आहेत. आपलं व्हाउचर फक्त आपल्याच दुकानात मालावर चालत असेल आणि त्याचे रोख पैसे मिळत नसतील, तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. २०२१ च्या त्यांच्या निर्देशांत हे स्पष्ट आहे. म्हणूनच वाशीच्या दुकानाचा विचार सोडा. नणंद घरची असली तरी तो वेगळा धंदा, वेगळा जीएसटी नंबर. तिथे व्हाउचर चाललं की तुम्ही दुसऱ्याच्या मालाचे पैसे चुकते करणारे झालात, आणि मग दादा म्हणतात ते सगळं लागू होतं.

आता कोड. KP-140 वाला माणूस आला कारण नंबर ओळीने होते. एक पाहिला की पुढचे सगळे कळले. कोड कशाही क्रमाशिवाय निघायला हवा. इंग्रजी अक्षरं आणि अंक मिळून ३६ चिन्हं होतात, त्यातून 0, O, 1, I, L काढून टाका, कारण काउंटरवर तेच चुकीचे वाचले जातात. उरली ३१. दहा चिन्हांचा कोड घेतलात, उदाहरणार्थ K7M4QX9TWP, तर तुमची ३०० व्हाउचर बाजारात असताना कोणी अंदाजाने टाकलेला कोड लागण्याची शक्यता साधारण पावणेतीन लाख कोटींत एक. तरीही एका काउंटरवर किंवा एका फोन नंबरवरून पाच चुकीचे कोड आले की थोडा वेळ बंद करा.

छापलेला कोड जन्मतः झोपलेला असू दे. प्रेसमधून आला तेव्हा त्याची किंमत शून्य. काउंटरवर पैसे घेतल्यावर तो जागा करायचा आणि त्याच क्षणी त्यात दोन हजार लिहायचे. मग गठ्ठा चोरीला गेला किंवा प्रेसवाल्याने दोन प्रती जास्त काढल्या, तरी हातात कागदच राहतो. फोटोच्या भानगडीवर उपाय म्हणून चार आकडी पिन खरडायच्या पट्टीखाली ठेवा.

वाशी_सेक्टर१७
पण शीटमध्ये काय वाईट आहे? दोन्हीकडे लगेच दिसतंच की.

घणसोलीकर
दिसतं, पण दिसणं आणि कापणं यात मधे वेळ जातो. समजा कोडमध्ये २,००० आहेत. नौपाड्यात मुलीने पाहिलं, २,०००. मानपाड्यात त्याच मिनिटाला दुसरीने पाहिलं, २,०००. दोघींनी बिल केलं, दोघींनी ‘वापरला’ लिहिलं. शीटमध्ये एकच शब्द दिसतो आणि दोन साड्या गेलेल्या असतात. फी-पावतीवर एकाच वेळी दोघं हक्क सांगत नाहीत, म्हणून तुमच्याकडे निभावलं.

‘आधी बघा, मग कापा’ असं दोन पायऱ्यांत नको. शिल्लक पुरेशी असेल तरच काप, हे एकाच आज्ञेत हवं:

```sql
UPDATE vouchers SET balance = balance - 1450
WHERE code = 'K7M4QX9TWP'
  AND status = 'ACTIVE' AND balance >= 1450;
```

उत्तरात ‘१ ओळ बदलली’ आलं तर साडी द्या, ‘०’ आलं तर देऊ नका. दोन्ही काउंटरवरून एकाच क्षणी आज्ञा आली तरी डेटाबेस एकामागून एक घेतो. पहिल्या कापणीनंतर ५५० उरतात, म्हणून दुसरीला शून्य मिळतं. ताई, तुम्हाला हे स्वतः लिहायची गरज नाही. पण जो कोणी सॉफ्टवेअर विकायला येईल, त्याला दोन मोबाइलवर एकच कोड टाकून एकदम बटण दाबायला लावा. दोन्हीकडे हिरवं आलं तर घेऊ नका.

साडीवाली_नौपाडा
हे मी नक्की करून बघणार. वेबसाइटवर मात्र मला भीती वाटते. बिल व्हाउचरपेक्षा मोठं असेल तर उरलेले यूपीआयने घ्यायचे. यूपीआय अडकलं की काय?

घणसोलीकर
आमच्याकडे सर्वांत जास्त तक्रारी याच्याच यायच्या. बिल २,६४० चं, व्हाउचर २,००० चं, उरले ६४०. व्हाउचर आधीच कापून टाकलं आणि यूपीआय फसलं, तर बाईंच्या हातात ना साडी ना शिल्लक. यूपीआय आधी घेतलं आणि तेवढ्यात तिच्या बहिणीने दुकानात कोड वापरला, तर तुमच्याकडे ६४० आले आणि ऑर्डर मात्र २,६४० ची. म्हणून २,००० आधी फक्त अडवून ठेवायचे. ते दुसरीकडे चालणार नाहीत, पण खर्चही झालेले नाहीत. ६४० जमा झाल्याचं पेमेंट गेटवेने कळवलं की कापायचे. पंधरा-वीस मिनिटांत काहीच आलं नाही तर आपण होऊन गेटवेला विचारायचं, आणि फसलं असं उत्तर आलं तरच सोडायचे. न विचारता सोडले आणि पैसे उशिरा जमा झाले, तर ते ६४० परत करण्याचं काम वाढतं.

‘माझी शिल्लक गेली’ असा फोन आला तर नोंदवहीत बघा. ‘अडवले’ आहे पण पुढे ‘कापले’ किंवा ‘सोडले’ नाही, अशी अर्धवट नोंद दिसली की दोष तिथेच. यासाठी नुसती शिल्लक बदलून थांबायचं नाही, प्रत्येक हालचालीची वेगळी ओळही ठेवायची.

राममारुती_रोड
फक्त आपल्याच दुकानात चालणाऱ्या व्हाउचरबद्दल माझं चुकलं, मान्य. पण माल परत आला तर? त्याच बिलात साडी १,८९० ची आणि परकर-ब्लाउजपीस ७५० चे. ७५० चं परत आलं. माझ्या मते आधी ६४० यूपीआयवर आणि उरलेले ११० व्हाउचरवर द्यावेत. ग्राहकाने खिशातून दिलेले पैसे आधी परत मिळायला हवेत.

घणसोलीकर
मी उलट करीन. सगळे ७५० व्हाउचरवर परत. नाहीतर लोक व्हाउचरने घेतात, थोडं परत करतात आणि भेटीचे रोख पैसे करून घेतात. आम्ही हे पाहिलं आहे.

कोपरीची_आई
मला विचाराल तर खिशातले पैसे खिशातच परत यावेत. आणि माझं कार्ड चाललं हो! पैसे भरायच्या पानावर खाली ‘अधिक पर्याय’ होतं, त्यात मिळालं. पिन मागितला तेव्हाच जीव भांड्यात पडला.

साडीवाली_नौपाडा
काकू, छान झालं! घणसोलीकर दादा, राममारुती दादा, मनापासून आभार. वाशीचं रद्द. कोड, पिन, विकल्यावर जागं करणं आणि बिलात पेमेंटच्या रकान्यात नोंद, एवढं ठरवलं. परतीचं सीएंना विचारून, जे ठरेल ते व्हाउचरच्या मागे छापते.

एकच अडचण. मानपाड्याचं दुकान तळघरात आहे, धनत्रयोदशीच्या गर्दीत तिथलं नेट हमखास जातं. तेव्हा समोर व्हाउचर घेऊन उभ्या असलेल्या बाईला काय सांगायचं?

घणसोलीकर
नौपाड्याला फोन करा, तिथून कोड कापून घ्या, आणि त्या नोंदीचा नंबर मानपाड्याच्या बिलावर लिहा. नेट नाही म्हणून नुसता कागदावर विश्वास ठेवला की पुन्हा KP-087.

वाशी_सेक्टर१७
तळघरात फोन तरी लागतो का ताई? दुसऱ्या कंपनीचं सिम घालून एक राउटर जिन्याच्या तोंडाशी ठेवून बघा. आमच्या क्लासला तसंच करावं लागलं.

साडीवाली_नौपाडा
फोन कधी लागतो, कधी नाही. रविवारी राउटर लावून बघते आणि इथेच कळवते.